जंतू मेल्यानंतर

रक्ताचा दुसरा रिपोर्ट विश्वजीतच्या मोबाइलवर आला तेव्हा तो आयसीयूबाहेर जिन्यापाशी उभा होता; आत त्याची बायको अंतरा होती. त्याने तो वाचला, परत वाचला आणि समोरच्या बाकावर बसलेल्या सासऱ्यांकडे पाहिलं.

"काय म्हणतो रिपोर्ट?" नरहरअण्णांनी विचारलं.

"कल्चरमध्ये काही वाढलेलं नाही. रक्तात जिवंत जंतू सापडले नाहीत."

"मतलब साफ?"

"हो. रिपोर्ट साफ आहे."

अण्णांनी डोळे मिटून हात जोडले. लीलाबाई, अंतराची आई, पदर तोंडावर धरून रडायला लागल्या. इतक्या दिवसांत त्या पहिल्यांदाच मोकळेपणी रडत होत्या. अंतराचा धाकटा भाऊ आदित्य धडधडत जिना उतरून गेला आणि समोरच्या दुकानातून पेढे घेऊन आला. त्याने दारावरच्या रखवालदारालाही पेढा दिला. "जीजाजी, घ्या ना! दीदी वाचली!" असं म्हणत त्याने एक पेढा विश्वजीतच्या हातावर ठेवला. विश्वजीतने तो तोंडात घातला, पण गिळायला त्याला फार वेळ लागला.

कारण त्या सगळ्यांत त्याला एकट्यालाच ठाऊक होतं की जंतू मेले म्हणजे सगळं संपलं असं नसतं.

विश्वजीत मूळचा साताऱ्याकडचा. काशीच्या विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायला आला आणि इथलाच झाला. रामघाटाच्या गल्लीत पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या मराठी घरातली अंतरा त्याला विद्यापीठातल्याच एका कार्यक्रमात भेटली. ती गंगेपलीकडे रामनगरच्या शाळेत भूगोल शिकवायची. घरातलं तिचं मराठी हिंदीत भिजलेलं होतं, आणि विश्वजीतचं साताऱ्याकडचं मराठी ऐकून ती सुरुवातीला तोंड दाबून हसायची.

लग्नानंतर तिने त्याच्या कामात रस घेतला तो चेष्टेने. संध्याकाळी तो घरी आला की विचारायची, "काय रे, आज काय बोलले तुझे जंतू?"

आणि त्यांचं बोलणं हाच खरोखर त्याच्या अभ्यासाचा विषय होता. स्यूडोमोनस नावाचा एक जंतू आहे. मातीत असतो, पाण्यात असतो, नळाच्या तोंडाशी असतो आणि इस्पितळातही असतो. त्याच्या जातीच्या जंतूंना अंगावर दोन पटलं असतात, एकात एक घातलेल्या दोन अंगरख्यांसारखी. बाहेरच्या पटलाला मधूनच फुगवटा येतो, तो फुगवटा तुटून सुटा होतो आणि जंतूच्या लांबीच्या दहाव्या-विसाव्या हिश्श्याइतका बारका बुडबुडा बाहेर पडतो. त्याला पुटिका म्हणतात. ती जिवंत नसते. तिला खावं लागत नाही, तिची वाढ होत नाही, तिच्यापासून दुसरी पुटिका होत नाही. पण तिच्या आत आणि तिच्या भिंतीत जंतूने भरलेला माल असतो.

"त्यांचा एक निरोप आहे," त्याने एकदा अंतराला समजावलं होतं, "म्हणजे एक रसायनच. ते पाण्यात नीट विरघळत नाही. मग एका जंतूकडून दुसऱ्याकडे जायचं कसं? तर ते जंतूच्या बाहेरच्या पटलात घुसतं, त्या पटलाला बाक आणतं आणि त्यातून पुटिका तुटते. निरोप आपलं पाकीट आपणच तयार करतो. शेजाऱ्यांपर्यंत अशी पुरेशी पाकिटं पोचली की सगळे मिळून वागायला लागतात."

"काय करतात मिळून?"

"बरंच काही. एकत्र चिकटून वस्ती करतात. विषं तयार करतात."

"म्हणजे आधी गप्पा आणि मग मारामारी. आमच्या गल्लीसारखंच," ती म्हणाली होती.

विषांकडे त्याचं फारसं लक्ष नव्हतं. ते काम स्वरदाकडे होतं. स्वरदा त्याची पीएच.डी.ची विद्यार्थिनी, नागपूरची, कमी बोलणारी, कामात चोख. त्याच पुटिकांमधून जंतू आपली विषंही पाठवतो. पुटिका माणसाच्या पेशीला चिकटते, तिच्या पटलात मिसळून जाते आणि आतला माल थेट पेशीत रिकामा करते. त्यातून पुटिकेचं पटलच मुळात विषारी. जंतूच्या बाहेरच्या कातडीतला जो पदार्थ रक्तात आला की माणसाचं शरीर पेटून उठतं, तोच पदार्थ घेऊन ती फिरत असते. हे विश्वजीत वर्गात दरवर्षी शिकवत असे. फळ्यावर चित्र काढत असे.

अंतराला मूतखड्याचा त्रास होता. खडा काढायची साधीशी प्रक्रिया झाली, ती घरी आली आणि त्याच रात्री तिला हुडहुडी भरली. सकाळपर्यंत ती असंबद्ध बोलायला लागली होती. इस्पितळात नेल्यावर रक्त तपासायला घेतलं आणि पहिल्या कल्चरमध्ये स्यूडोमोनस वाढला. चूक कुणाचीच नव्हती. असं कधीतरी होतं; खड्याच्या आत, औषध पोचत नाही अशा जागी जंतू दडून बसलेले असतात आणि खडा फोडला की ते रक्तात उतरतात.

आयसीयूत डॉ. मालविका होती. वयाने तिशीतली, शब्द मोजून बोलणारी. तिने पहिल्याच तासात योग्य औषधं सुरू केली होती. जंतू त्या औषधांना दाद देणारा होता हे नंतर रिपोर्टनेही सांगितलं.

पेढे वाटून झाल्यावर ती दाराबाहेर आली आणि तिने विश्वजीतला एकट्यालाच बाजूला बोलावलं.

"सर, रक्तात जंतू नाहीत हे चांगलंच आहे. पण मला बीपी धरून ठेवता येत नाहीये. औषध वाढवत चाललेय मी. लघवी बंद आहे. रक्तातलं आम्ल, लॅक्टेट, चढतंय."

"जंतू गेले, पण त्यांनी सोडलेलं सगळं अजून आत आहे," विश्वजीत म्हणाला.

"असेल," ती म्हणाली. "पण त्यावर द्यायला माझ्याकडे काही नाही, सर."

त्याच्याकडेही नव्हतं. आठ वर्षं त्याने ज्या गोष्टीचा अभ्यास केला होता, तिच्यावर जगात कुणाकडेच काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंतरा गेली.

*

तेराव्यानंतर विश्वजीत विद्यापीठात जायला लागला. घरी बसणं त्याला जमत नव्हतं, आणि कामही होत नव्हतं. तो खुर्चीत बसून राही. स्वरदा चहा आणून ठेवी आणि काही न बोलता परत जाई.

एक दिवस डॉ. मालविकाचा फोन आला.

"सर, तुम्हाला त्रास द्यायचा नव्हता. पण तुमचे मेहुणे काल इथे आले होते, सोबत आठ-दहा जण होते. आयसीयूच्या दारात मला घेरलं. म्हणाले, रिपोर्ट साफ होता, पेशंट बरी झाली होती, मग तू काय टोचलंस तिला?" मग ती म्हणाली, "मॅनेजमेंटने मला सध्या ड्यूटीवरून काढलंय. चौकशी होईपर्यंत. तुमच्या सासऱ्यांनी लेखी तक्रार दिली आहे."

"मला ठाऊक नव्हतं."

"मी काही मागत नाहीये, सर. पण माझं कुठे चुकलं असेल तर तुम्ही मला सांगा. रोज रात्री मी सगळं परत आठवून बघते."

त्या संध्याकाळी विश्वजीत रामघाटावर गेला. गल्ली अरुंद; समोरून सायकल आली तर भिंतीला लागून उभं राहावं लागे. अण्णा वरच्या खोलीत बसले होते. ते वेदपाठशाळेत चाळीस वर्षं शिकवून निवृत्त झालेले. आवाज अजून खणखणीत होता, पण अंतरा गेल्यापासून ते हळू बोलायचे. आदित्य खिडकीत उभा होता.

"अण्णा, त्या डॉक्टरांची चूक नाही," विश्वजीत बसता बसताच म्हणाला.

"जीजाजी, तुम्ही त्यांच्याकडून बोलायला आलात?" आदित्य फटकन म्हणाला. "रिपोर्ट कुणी वाचून दाखवला होता? तुम्हीच ना? साफ होता म्हणून? फिर दीदी गई कैसे?"

अण्णांनी हाताने त्याला थांबवलं. "विश्वजीतराव, त्याचा प्रश्न माझाही आहे. जंतूंनी आजारी पडली. जंतू मेले. मग माझी मुलगी कशाने गेली? दोनच गोष्टी संभवतात. एक तर रिपोर्ट खोटा, नाहीतर काही गडबड झाली आणि ती झाकली."

"तिसरी गोष्ट आहे," विश्वजीत म्हणाला आणि त्याने सांगायला सुरुवात केली. पुटिका काय असते, जंतू जिवंत असताना त्या कशा सोडतो, मरतानाही त्याच्या पटलाचे तुकडे कसे गोल होऊन तशाच पुटिका बनतात. कल्चर म्हणजे रक्त पोषक द्रवात ठेवून त्यात काही वाढतं का ते बघणं. पुटिका वाढत नाही, म्हणून कल्चरला ती दिसत नाही. रक्तात त्या अब्जावधी असल्या तरी रिपोर्ट साफच येणार.

अण्णांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं. मग म्हणाले, "हे तुमच्या शास्त्रातलं. मी मानतो. पण अंतराच्या रक्तात ते होतं, हे कशावरून?"

"ते अजून कुणी बघितलेलं नाही," विश्वजीत म्हणाला.

"बघता येईल?"

"येईल," विश्वजीत म्हणाला. "ज्या रक्ताचा साफ रिपोर्ट आला, त्याच वेळी काढलेल्या रक्तातला थोडा द्रव इस्पितळाच्या लॅबने गोठवून ठेवलाय. पण अण्णा, मी तिचा नवरा आहे. मी केलेल्या तपासणीवर कुणी विश्वास ठेवू नये. माझी विद्यार्थिनी करेल, मी हात लावणार नाही. विद्यापीठाच्या समितीची परवानगी लागेल. आणि तुमची आणि आईंची संमती असल्याशिवाय मी ते करणार नाही."

लीलाबाई दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "तिचं रक्त अजून आहे?"

"थोडंसं आहे, आई."

होकाराची मान हलवून त्या आत गेल्या.

"करा," अण्णा म्हणाले. "आणि जे निघेल ते येऊन सांगा. कमी नाही, जास्त नाही."

आदित्य म्हणाला, "निकलेगा कुछ नहीं. बघा तुम्ही."

*

परवानगी मिळायला बरेच आठवडे गेले. मग बर्फाच्या पेटीतून ती नळी आली. चमच्याच्या टोकावर मावेल एवढा फिकट पिवळा द्रव. विश्वजीतने ती पाहिली आणि तो खोलीबाहेर जाऊन उभा राहिला.

अडचण स्वरदाने पहिल्याच दिवशी सांगितली. "सर, निरोगी माणसाच्या रक्तातही असेच बारीक बुडबुडे असतात, आपल्याच पेशींनी सोडलेले. आकारावरून फरक कळणार नाही. जंतूच्या पटलाला चिकटणारं प्रतिपिंड लावावं लागेल, सोन्याच्या कणांनी खूण केलेलं. आणि तुलनेला निरोगी रक्त हवं."

विश्वजीतने शर्टाची बाही वर केली. "माझं घे."

ती क्षणभर घुटमळली. मग तिने त्याच्या दंडाला पट्टा बांधला.

नमुन्यांवर नावं नव्हती. दुसऱ्या विभागातल्या एका सहकाऱ्याने त्यांना खुणा दिल्या, म्हणजे कुठलं रक्त कुणाचं हे स्वरदालाही कळू नये. तिने आधी तो द्रव इतक्या बारीक छिद्रांच्या गाळणीतून गाळला की जंतू पलीकडे जाणार नाही. गाळलेल्या द्रवाचा थेंब थाळीवर पसरून ठेवला. थाळी कोरी राहिली; एकही जंतू वाढला नाही. मग तो नमुना अतिवेगाने फिरणाऱ्या यंत्रात घातला, तळाशी साचलेला न दिसणारा थर काढून, वेगवेगळ्या घनतेच्या द्रवांतून वेगळा करून, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली नेला.

विश्वजीत तिच्या मागे स्टुलावर बसला होता. पडद्यावर पहिल्या नमुन्याचं राखाडी मैदान आलं. गोल गोल आकार होते, पण त्यांना सोन्याचे काळे ठिपके चिकटलेले नव्हते. होते ते तुरळक, कुठेही पडलेले. दुसऱ्या नमुन्यात तसेच गोल आकार, आणि त्यांतल्या काहींच्या कडेने काळे ठिपके ओळीने चिकटलेले. स्वरदाने जागा बदलली. पुन्हा तेच. आणखी एका जागी पुन्हा तेच.

खुणा उघडल्यावर कळलं की पहिला नमुना विश्वजीतचा आणि दुसरा अंतराचा.

स्वरदाने खुर्ची फिरवली. तिचे डोळे भरले होते. विश्वजीत पडद्याकडेच बघत होता.

"ठीक आहे," तो म्हणाला. "पुढचं कर."

पुढचं म्हणजे जंतू. अंतराच्या पहिल्या कल्चरमध्ये वाढलेला स्यूडोमोनस इस्पितळाने जपून ठेवला होता. तो स्वरदाने लॅबमध्ये वाढवला, त्याच्या पुटिका वेगळ्या केल्या आणि रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशींवर घातल्या. त्या थाळीत एकही जिवंत जंतू नव्हता. तरी दुसऱ्या दिवशी पेशी आकसल्या होत्या, एकमेकींपासून सुटल्या होत्या, मध्ये फटी पडल्या होत्या. रक्तवाहिन्यांत अशा फटी पडल्या की पाणी झिरपून जातं, रक्तदाब कोसळतो.

शेवटी तिने विश्वजीतचा जुना प्रयोग केला. प्रयोगासाठी तयार केलेला एक मुका जंतू असतो. त्याला निरोप तयार करता येत नाही, पण दुसऱ्याचा निरोप पोचला की तो चमकतो. त्याच्यात अंतराच्या जंतूच्या पुटिका मिसळल्या. अंधाऱ्या खोलीत यंत्राच्या पडद्यावर आकडा चढत गेला आणि थाळीतला खळगा हिरवा उजळला. हा प्रयोग यशस्वी झाला की पूर्वी विश्वजीत विद्यार्थ्यांना समोसे खायला घालायचा. आता तो त्या हिरव्या उजेडाकडे बघत राहिला. हेच बोलणं तिच्या अंगात झालं होतं. खड्याच्या आडोशाला बसून ते एकमेकांना निरोप पाठवत होते, त्यांची पुरेशी संख्या होत होती, आणि तो शेजारच्या उशीवर झोपलेला होता.

"सर, अजून एक आहे," स्वरदा म्हणाली. "अंतरा मॅडमना जी दोन औषधं दिली होती, ती मी या जंतूवर वापरून बघितली. मारून टाकण्याइतकी नाही, थोडी कमी मात्रा. त्यातल्या एका औषधाने पुटिका वाढल्या. जवळजवळ तिप्पट."

विश्वजीतने मान वर केली.

"असं होतं हे आधीही माहीत आहे," ती घाईने म्हणाली. "ताण आला की जंतू पुटिका जास्त सोडतात. पण हे थाळीतलं आहे. माणसाच्या रक्तात किती झालं असेल, कुणाला सांगता येणार नाही." मग तिने खालच्या आवाजात विचारलं, "हेही सांगायचं का त्यांना? मालविका मॅडमवर उलटेल ते."

विश्वजीतने तिच्या वहीतले आकडे एकदा वाचून पाहिले.

"अण्णांनी कमी नको म्हणून सांगितलंय," तो म्हणाला.

*

त्या रविवारी तो रामघाटावर गेला. जाण्याआधी त्याने डॉ. मालविकाला फोन करून सगळं सांगितलं होतं, औषधाचंसुद्धा. तिने औषधाचं नाव आणि मात्रा विचारून घेतली. मग ती म्हणाली, "सांगा, सर. लपवू नका."

अण्णा, लीलाबाई आणि आदित्य तिघेही बसले. विश्वजीतने दोन्ही नमुन्यांचा सूक्ष्मदर्शकातला फोटो चटईवर ठेवला. ठिपके दाखवले. त्याचं स्वतःचं रक्त कुठलं आणि अंतराचं कुठलं ते दाखवलं. रक्त गाळून, कोऱ्या थाळीची खात्री करून मग हे पाहिलंय, हेही सांगितलं.

"ती याच्यामुळेच गेली असं मी शपथेवर सांगू शकत नाही," तो म्हणाला. "शरीराचा स्वतःचा भडकासुद्धा माणसाला मारतो. पण रिपोर्ट साफ होता तेव्हाही हे तिच्या रक्तात होतं, एवढं नक्की." मग त्याने औषधाचं सांगितलं.

आदित्य उभाच राहिला. "मतलब दवाईनेच! मी काय सांगत होतो? अण्णा, ऐकलंत?"

"औषध दिलं नसतं तर ती बहुधा पहिल्याच रात्री गेली असती," विश्वजीत म्हणाला. "जंतू वाढतच गेले असते, आणि जितके जंतू तितक्या पुटिका. दुसरं औषध निवडलं असतं तर काय झालं असतं, ते मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. डॉक्टरांनी पुस्तकात आहे तेच केलं. मी डॉक्टर असतो तर मीही तेच औषध दिलं असतं."

"तुम्ही काहीही बोला!" आदित्यचा आवाज फुटला. "कोणीतरी तर असेल ना! असंच कसं कोणी मरतं? असंच?"

तो खाली उतरून गेला. जिन्यावर त्याची पावलं वाजली आणि गल्लीत विरली.

अण्णा फोटोकडे बघत होते. "त्या डॉक्टरीण बाईंना हे तेव्हा कळू शकलं असतं?"

"नाही. ही तपासणी इस्पितळात होतच नाही. आम्हाला लॅबमध्ये कित्येक दिवस लागले."

"आणि कळलं असतं, तर काही करता आलं असतं?"

"नाही, अण्णा."

"तुम्ही त्या दिवशी गप्प होता. सगळे हसत होते आणि तुम्ही गप्प होता. मला वाटलं, थकले असतील." अण्णांनी फोटो उलटा केला. "रागाला जागा होती तोवर बरं होतं, विश्वजीतराव. आता हे सगळं कुठे ठेवू मी?"

विश्वजीत त्यांच्या शेजारी जाऊन बसला.

लीलाबाई पुढे सरकल्या. त्यांनी विचारलं, "तिला कळत होतं का? दुखत होतं का फार?"

हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. ना डॉक्टरांना, ना त्याला.

"श्वासाची नळी घातल्यावर तिला झोपवूनच ठेवलं होतं, आई. त्यानंतर तिला कळत नव्हतं."

"आणि त्याच्या आधी?"

"आधी मधूनमधून कळत होतं. दम लागत होता. घाबरली होती." विश्वजीत म्हणाला. "माझा हात धरला होता तिने. म्हणाली, आईला सांग, घरी जाऊन जेव म्हणावं. बाकावर बसून राहील ती."

लीलाबाईंनी भिंतीला डोकं टेकलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत राहिलं, आणि ते पुसायला त्यांनी हात उचलला नाही.

*

अण्णांनी तक्रार मागे घेतली. तेवढ्यावर ते थांबले नाहीत; विश्वजीतला घेऊन स्वतः इस्पितळात गेले. चौकशीतही काही निघालं नव्हतं, डॉ. मालविका कामावर परतली होती, पण आयसीयूत नव्हती. तिने स्वतःच दुसरा वॉर्ड मागून घेतला होता. अण्णांना पाहताच ती भिंतीपाशी मागे सरकली. अण्णांनी तिला हात जोडले.

"बेटी, तू तिच्यापाशी रात्ररात्र जागलीस, असं हे सांगतात. आमच्या मुलाने तुला वाट्टेल ते सुनावलं. मला क्षमा कर."

ती हिंदी बोलणारी मुलगी होती की मराठी, हेही अण्णांना ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "मला त्यांना वाचवता आलं नाही, काका." आणि मग ड्यूटीवर आहोत हे विसरून ती रडली.

आदित्य विश्वजीतशी पुन्हा बोलला नाही. त्याने लखनौला नोकरी धरली. सणावाराला घरी येई, पण विश्वजीत येणार असला की बाहेर जाई. विश्वजीतने त्याला दोष दिला नाही. कुणावर तरी रागावून जगता येत असेल तर जगावं, असं त्याला वाटे.

स्वरदाचा प्रबंध पुरा झाला. त्यात अंतराच्या रक्ताला नाव नव्हतं, क्रमांक होता. विश्वजीतने आपल्या कामाची दिशा बदलली. जंतूंचं बोलणं कसं तुटेल, पुटिका रक्तातून गाळून काढता येतील का, याच्यामागे तो लागला. पहिल्या दोन्ही वाटा फसल्या. तो तिसरी शोधत होता.

दर महिन्याला अंतराच्या तिथीला तो अण्णांबरोबर अमृतराव घाटावर जाई. एका सकाळी विधी आटोपल्यावर दोघे पायऱ्यांवर बसले होते. थंडीचे दिवस होते, नदीवर धुकं होतं, पलीकडचा काठ दिसत नव्हता.

"एक विचारू?" अण्णा म्हणाले. "अंतराच्या अंगातून काढलेले ते जंतू... त्यांचं पुढे काय केलंत?"

"लॅबमध्ये आहेत. खोल गोठवून ठेवलेत."

"मेलेले?"

विश्वजीतला खोटं बोलता आलं असतं. "नाही. जिवंत आहेत. ऊब दिली की परत वाढतात."

अण्णा पाण्याकडे बघत राहिले. एक नाव धुक्यातून आली आणि धुक्यात गेली.

"ती गेली," ते म्हणाले, "आणि ते आहेत."

"तुम्ही म्हणत असाल तर नष्ट करतो, अण्णा. एका मिनिटाचं काम आहे."

अण्णांनी पळी-पंचपात्र पिशवीत ठेवलं. मग ओलं धोतर सावरून ते उठले, आणि आधारासाठी त्यांनी विश्वजीतच्या खांद्यावर हात ठेवला.

"राहू द्या," ते म्हणाले. "कुणाची तरी मुलगी वाचेल कदाचित."

ते एकेक पायरी चढत वर गेले. विश्वजीत खालीच बसून राहिला.